सहा माणसांच्या दुकानाला एक पान पुरे

दुकानातल्या माणसांचं काम जोखायच्या फॉर्ममध्ये ‘वागणूक’, ‘निष्ठा’ असले रकाने ठेवू नका. तिथे सगळ्यांना पाचपैकी चारच पडतात. कामावरून चार ओळी पाडा. काउंटरवरच्या मुलासाठी: बिलातल्या चुका, संध्याकाळी गल्ल्याचा हिशेब जुळणं, संपत आलेला माल वेळेत सांगणं, गिऱ्हाइकाशी बोलणं. प्रत्येक ओळीपुढे तीनच पर्याय ठेवा: ‘सांगावं लागतं’, ‘आपणहून करतो’, ‘दुसऱ्याला शिकवतो’. शेजारी घडलेल्या प्रसंगासाठी मोकळी जागा. प्रसंग आठवत नसेल तर खूण करू नका. त्यासाठी वहीत महिन्याला दोन ओळी टिपत जा, नाहीतर दिवाळीच्या गर्दीतलंच तेवढं आठवतं.

आधी ज्याचं काम जोखायचं त्याला स्वतःला कोरा फॉर्म भरू द्या. पगारवाढीचा आकडा मात्र या पानावर नको, तो दिसला की बाकीचं कोणी वाचत नाही.