अरबी क्रियापदांची दहा रूपे: कोणत्या रूपाने अर्थ कसा बदलतो?

प्रश्न: अरबीत एकाच धातूची दहा रूपे होतात म्हणे. प्रत्येकाने अर्थात नेमका काय फरक पडतो?

उत्तर: पहिले रूप मूळचे, बाकीची नऊ साधित. 'अ-ल-म' धातू घ्या. १: अलिमा, त्याला कळले. २: मधले व्यंजन दुप्पट, अल्लमा, त्याने शिकवले, म्हणजे प्रयोजक किंवा जोरकस क्रिया. आपले तालीम, तहसील, तपशील हे शब्द याच रूपाच्या क्रियानामांतून आले. ४: आअलमा, त्याने कळवले, हेही प्रयोजक. ५: तअल्लमा, तो शिकला, दुसऱ्या रूपाचा परिणाम स्वतःवर. १०: इस्तअलमा, त्याने माहिती विचारली, 'इस्त' म्हणजे बहुधा मागणे किंवा तसे मानणे.

तिसऱ्यात समोर कोणीतरी असतो: कातबा, त्याने कोणाशी पत्रव्यवहार केला. सहाव्यात तेच परस्पर: तकातबा. नववे फक्त रंग आणि व्यंगांसाठी: इहमर्रा, लाल झाला.

घोळ होतो तो ७ आणि ८ मध्ये. सातवे 'आपोआप झाले' सांगते: कसरा, त्याने मोडले, इन्कसरा, ते मोडले. आठवेही बरेचदा स्वतःकडे वळते, पण त्याचा अर्थ कमी नियमित. 'इन्तज़रा' (वाट पाहिली) सातवे वाटते, पण धातू न-ज़-र आहे, म्हणून ते आठवे. पहिल्या मूळ व्यंजनानंतर जादा 'त' दिसला की आठवे समजा. न, ल, र ने सुरू होणाऱ्या धातूंना सातवे सहसा होतच नाही.

एका धातूला दहाही रूपे क्वचितच असतात, त्यामुळे रूप स्वतः बनवू नका, आधी कोशात पाहा.