आडनाव आधी की नाव आधी?

एका यादीत आडनाव आधी, दुसरीत नाव आधी, मग एक्सेलमध्ये दोन्ही याद्या जुळवायच्या कशा, असं तुम्ही विचारलंत. नेरूळच्या आमच्या सोसायटीत मीही तुमच्यासारखाच अडकलो होतो. सभासद नोंदवहीत ‘पाटील सुरेश मोहन’, मेंटेनन्सच्या यादीत ‘सुरेश मोहन पाटील’. माणूस एकच, पण एक्सेलला दोन दिसतात.

नवखे लोक प्रत्येक नावातले शब्द अकारविल्हे लावून जुळवतात. ते नको. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे सुरेश मोहन पाटील आणि त्यांचा मुलगा मोहन सुरेश पाटील यांचे तिन्ही शब्द तेच. दोघे सभासद असले तर बाप-लेक एक होऊन बसतात. त्यापेक्षा आडनाव आधी असलेल्या यादीत फक्त पहिला शब्द उचलून शेवटी न्या. A मध्ये मूळ नाव, B आणि C मध्ये ही सूत्रं:

```
B2: =TRIM(A2)
C2: =MID(B2&" "&B2,FIND(" ",B2)+1,LEN(B2))
```

TRIM दोन्ही याद्यांना लावा. टाइप करताना पडलेली जादा स्पेस डोळ्यांना दिसत नाही, पण जुळणी मोडते. मूळ रकान्याला हात लावू नका.

मग नाव आणि फ्लॅट नंबर दोन्ही जुळले तरच ‘जुळलं’ म्हणा. फ्लॅट तोच पण नाव वेगळं, असे उरतील ते हाताने बघा. त्यात वडिलांचं नाव गाळलेले, दोन शब्दी आडनावाचे आणि लग्नानंतर नाव बदललेले सभासद निघतात. ‘दिक्षित-दीक्षित’ सारखे शुद्धलेखनाचे घोळ सध्या सूत्राने सोडवायला जाऊ नका.