एजन्सी काढून घेतली, आता पत्र कसं लिहायचं

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि सोबत जोडलेला पत्राचा ड्राफ्टपण वाचला. सहा वर्षं एरियात कंपनीच्या बिस्किटांचा माल पोचवला, पावसात पण गाडी बंद ठेवली नाही, आणि एका मेलवर एजन्सी बंद, राग येणारच. पण ड्राफ्टच्या पहिल्या दोन पानांत तू एजन्सी परत द्या म्हणून मागतोयस, ते आधी काढून टाक. अशी एजन्सी परत मिळवणं कोर्टातूनही फार अवघड असतं. 1990 मध्ये सुप्रीम कोर्टात अमृतसरच्या एका गॅस एजन्सीची केस झाली, इंडियन ऑइलविरुद्ध. टर्मिनेशन चुकीचं ठरलं तरी एजन्सी परत मिळाली नाही, करारात 30 दिवसांच्या नोटिशीवर बंद करायची सोय होती म्हणून तेवढ्या 30 दिवसांच्या कमाईची भरपाई मिळाली. म्हणून तू पैसे माग, आणि एकेक रक्कम वेगळी माग.

आधी गोडाऊन. पत्र जाईपर्यंत सगळा माल बॅचप्रमाणे मोजून घे, प्रत्येक थप्पीचा फोटो असा काढ की बॉक्सवरचा बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख वाचता येईल. चांगला माल, मुदत संपत आलेला आणि डॅमेज, अशा तीन याद्या कर. पत्रात लिही की 7 दिवसांत कंपनीचा माणूस पाठवून जॉइंट मोजणी करा, नाही आलात तर आमची मोजणी ग्राह्य धरू. हे वाक्य नसलं की कंपनी नंतर म्हणते तुमचा आकडा आम्हाला मान्य नाही, आणि तोवर बिस्किटं एक्स्पायर झालेली असतात.

करारात परत घेण्याचा क्लॉज नसेल तर कंपनी त्यावरच बोट ठेवेल, म्हणून माल का परत घ्यायचा हे कारणासकट लिही. तुझ्याकडे त्याचं उत्तम कारण आहे. महिनाअखेरीला सेल्स ऑफिसरने टार्गेटसाठी तुझ्या नावावर 2,45,000 चं बिल मारलं आणि दहा दिवसांत एजन्सी बंद केली. म्हणजे विकायला वेळच दिला नाही. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एक्स्पोर्ट करून मेलवर टाक आणि फोन सध्या बदलू नको.

आता हिशोब. तुझ्याच आकड्यांवरून सांगतो: चांगला माल 6,20,000, डॅमेज आणि एक्स्पायरी 70,000, अडकलेले स्कीम क्लेम 1,15,000, डिपॉझिट 2,00,000, एकूण 10,05,000. त्यातून ते 2,45,000 चं न भरलेलं बिल तू स्वतःच वजा दाखव, म्हणजे मागणी 7,60,000 ची. देणं लपवलंस तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. दुकानदारांकडची तुझी उधारी यात घालू नको, ती तुला गोळा करायचीय, कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. प्रत्येक रकमेसमोर बिल नंबर किंवा क्लेमचा मेल लिही. तोंडी कबूल केलेली स्कीम असेल तर ती वेगळ्या ओळीत ठेव, तिच्यामुळे पक्के क्लेम अडकायला नकोत.

मालाची किंमत कंपनीच्या बिलाचीच लाव, जीएसटीसकट. कंपनीला कर कमी करून क्रेडिट नोट द्यायची मुदत असते, ज्या आर्थिक वर्षात बिल झालं ते संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत (आणि त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तिथेच संपते), त्यामुळे जुना माल असेल तर सीएला विचारून तूच परतीचं टॅक्स इनव्हॉइस कर.

सगळ्यात काळजी वाटते ती कोऱ्या चेकची. एजन्सी घेताना दिलेल्या चेकचे नंबर पत्रात लिहून ते परत माग आणि स्पष्ट लिही की हिशोबात कंपनीच तुझं देणं लागते, म्हणून ते वटवू नयेत. नुसतं स्टॉप पेमेंट करून सुटका होत नाही, चेक परत गेला तर चेक बाउन्सची, कलम 138 ची नोटीस येऊ शकते, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

पत्र स्पीड पोस्टने रजिस्टर्ड ऑफिसला आणि मेलने एरिया मॅनेजर आणि अकाउंट्स दोघांना पाठव, 15 दिवसांची मुदत दे. मग फोन येईल की एनओसीवर सही करा, डिपॉझिट लगेच सोडतो. त्यात "सर्व हिशोब पूर्ण, काही बाकी नाही" असं छापलेलं असतं. पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय त्यावर सही करू नको, नव्या डिस्ट्रिब्युटरला ती एनओसी लागते म्हणून घाई त्यांना असते, तुला नाही. गाडी माल न्यायला आली तरी बॅचवार यादीवर कंपनीच्या माणसाची सही-शिक्का घेतल्याशिवाय एक बॉक्स लोड करू देऊ नकोस.

करारातलं टर्मिनेशनचं आणि आर्बिट्रेशनचं पान फोटो काढून मला आजच पाठव. नोटीस किती दिवसांची लिहिलीय ते बघून तेवढ्या दिवसांच्या मार्जिनची ओळ पत्रात कुठे घालायची ते सांगतो.