दर हजारी आणि टक्के: एका फलकाची गोष्ट

प्रश्न: भारताचा २०२० चा जन्मदर दर हजारी १९.५ आणि मृत्युदर ६.० असेल, तर ते टक्क्यांत कसे लिहायचे आणि त्यांची तुलना कशी करायची?

दहाने भागा. जन्मदर १.९५ टक्के, मृत्युदर ०.६ टक्के आणि दोहोंतील फरक, म्हणजे लोकसंख्येची नैसर्गिक वाढ, वर्षाला १.३५ टक्के. दोन्ही दरांचा छेद एकच, म्हणजे वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या असल्यामुळे ही वजाबाकी सरळ करता येते. परीक्षेपुरते एवढे पुरे आहे. मी लिहायला बसलो ते मात्र याच दहाच्या भागाकारावरून नोकरीत झालेल्या एका वादामुळे.

मी आरोग्य खात्यात आकडेवारीचे काम करीत होतो. एका उपकेंद्राच्या दर्शनी भिंतीवर नवा फलक रंगवून घेतला होता आणि त्यावर ‘लोकसंख्या ४,२००, जन्म ६३, जन्मदर १५%’ असे ठळक निळ्या अक्षरांत लिहिले होते. ६३ ला ४,२०० ने भागून हजाराने गुणले की १५ येतात, पण ते दर हजारी. टक्क्यांत तो दर १.५ होतो. मी साहेबांना म्हटले, ‘१५ टक्के खरे मानले, तर या गावात वर्षाला ६३० बाळे जन्मायला हवीत. दोन अंगणवाड्यांत ती मावणार कुठे?’ त्यावर ‘दर हजारी काय आणि टक्का काय, लोकांना कळते’ असे उत्तर मिळाले आणि फलक तसाच राहिला. लोकांना कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. साहेबांनाही कळले नव्हते. असा आकडा समोर आला, की तो लोकसंख्येला लावून माणसे मोजून पाहावीत. कुठल्याही देशाचा जन्मदर १५ टक्के नसतो. अगदी चढा जन्मदरसुद्धा दर हजारी ४०–५० च्या, म्हणजे चार-पाच टक्क्यांच्या घरात असतो.

पुढच्या वर्षी जन्म ५६ झाले, लोकसंख्या जवळपास तेवढीच राहिली आणि दर १३.३ वर आला. आता साहेबांनी दहाने भागले आणि अहवालात लिहिले, ‘जन्मदरात ०.१७ टक्के घट, नगण्य.’ १.५० मधून १.३३ वजा केल्यावर उरतात ते ०.१७ टक्केबिंदू, मूळ दराच्या मानाने घट किती, हे पाहायचे तर १.७ ला १५ ने भागावे लागते आणि ती ११ टक्क्यांहून अधिक भरते. दर टक्क्यांत बदलण्याचा धोका नेमका इथे आहे: दरही टक्क्यांत आणि दरातला बदलही टक्क्यांत, त्यामुळे एकच घट कोणाला नगण्य दाखवता येते, कोणाला प्रचंड. म्हणून तुलना करायची असेल, तर दर हजारीच ठेवावा आणि बदल तेवढा टक्क्यांत सांगावा. मी बैठकीत हे सर्वांसमोर मांडले, त्याची किंमतही मोजली, पण गणित माझेच बरोबर होते.

दोन ठिकाणच्या मृत्युदरांची तुलना करताना भागाकार बरोबर असूनही फसगत होते, हेही सांगायला हवे. त्याच २०२० मध्ये केरळचा मृत्युदर दर हजारी ७.० आणि बिहारचा ५.४ होता, म्हणजे ०.७ टक्के आणि ०.५४ टक्के. यावरून बिहारचे आरोग्य केरळपेक्षा चांगले ठरवू नये. केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे, म्हणून हजारी मृत्यूही अधिक दिसतात.

आता माझ्या ११ टक्क्यांविषयी. आपल्याकडे जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते, आई राहते तिथे नव्हे. बैठकीनंतर काही महिन्यांनी त्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने मला स्वतःची गरोदर मातांची यादी दाखवली. त्या वर्षी गावातल्या पाच जणींची बाळंतपणे माहेरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात झाली होती आणि ती आमच्या ५६ मध्ये नव्हती. ती धरली तर जन्म ६१, दर १४.५ आणि घट जेमतेम तीन टक्के. आदल्या वर्षीची यादी अशी कोणी तपासलीच नसल्यामुळे तेही पक्के नाही, आणि एवढ्याशा गावात वर्षाला सात-आठ जन्मांचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. तेव्हा घट खरोखर झाली होती की नाही, हे ना साहेबांना ठाऊक होते ना मला. मात्र फलकावरचे ‘१५%’ चूकच होते आणि माझी बदली झाली तेव्हाही ते तिथेच होते.