‘एकसमान’ म्हणजे कोणत्या मोजपट्टीवर एकसमान?

प्रश्न: “X हा चल 0 ते 1 मध्ये एकसमान वितरित आहे. Y = X² घेतला तरी किमती 0 ते 1 मध्येच राहतात, आणि X च्या प्रत्येक किमतीला Y ची एकच किंमत मिळते. मग Y लासुद्धा ‘एकसमान वितरित’ म्हटले तर काय चुकते? शिवाय Y ची घनता एके ठिकाणी 5 आलेली पाहिली. संभाव्यता 1 पेक्षा मोठी कशी असेल?”

उत्तर: Y ला एकसमान म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात ‘एकसमान’ या शब्दाचा अर्थ ‘दिलेल्या मर्यादेतील कोणतीही किंमत येऊ शकते’ एवढाच नसतो; संतत चलाच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘समान लांबीच्या अंतरालांना समान संभाव्यता’ असा असतो. या व्याख्येत ‘लांबी’ हा शब्द आला की मोजपट्टी आलीच. X एकसमान आहे तो X च्या पट्टीवर. वर्ग करताना संभाव्यता जशीच्या तशी पुढे जाते, पण अंतरालांच्या लांब्या बदलतात, आणि त्याही सगळीकडे सारख्या प्रमाणात बदलत नाहीत.

प्रश्नातला ‘प्रत्येक किमतीला एकच किंमत’ हा मुद्दा पृथक चलाच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. फासा टाकून आलेल्या अंकाचा वर्ग केला, तर 1, 4, 9, 16, 25, 36 या सहाही किमतींची संभाव्यता 1/6 च राहते. तिथे किमतींवरची नावे बदलतात, वाटणी बदलत नाही. संतत चलात मात्र एकेकट्या किमतीची संभाव्यता शून्य असते, त्यामुळे किमतींच्या जोड्या लावून काहीच हाती लागत नाही. तिथे अंतरालांच्या जोड्या लावाव्या लागतात.

त्या लावून पाहू. X च्या पट्टीचे 0.1 लांबीचे दहा तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यात X सापडण्याची संभाव्यता 0.1 आहे. पहिला तुकडा 0 ते 0.1 हा आहे. वर्ग केल्यावर तो Y च्या पट्टीवर 0 ते 0.01 एवढाच उरतो. शेवटचा तुकडा 0.9 ते 1 चा, तो 0.81 ते 1 असा पसरतो. दोन्हींत संभाव्यता 0.1 च आहे, पण एकाची लांबी 0.01 आणि दुसऱ्याची 0.19 आहे. लांबीने भागले, की पहिल्या तुकड्यात दर एकक लांबीमागे 10 आणि शेवटच्या तुकड्यात सुमारे 0.526 एवढी संभाव्यता येते. या भागाकारालाच घनता म्हणतात, आणि Y च्या पट्टीवर ती स्थिर नाही हे इथेच दिसून येते.

आता तुकडा लहान करत नेऊ. x1 पासून x2 पर्यंतच्या तुकड्याची नवी लांबी x2² − x1², म्हणजे (x2 − x1)(x1 + x2) होते. X ची घनता 1 असल्यामुळे त्या तुकड्यातली संभाव्यता x2 − x1 आहे. म्हणून नव्या पट्टीवरची सरासरी घनता 1/(x1 + x2) निघते. दोन्ही टोके x या एकाच बिंदूकडे आणली की ती 1/(2x) होते, आणि x = √y ठेवले की

f_Y(y) = 1/(2√y), 0 < y < 1

हे सूत्र मिळते. इथला 2x म्हणजे x² चा विकलज आहे, आणि ‘चल बदलणे’ या प्रयोगात जो गुणक येतो तो त्याचाच व्यस्त आहे. सर्वसाधारणपणे, y = g(x) हे फलन सतत वाढणारे किंवा सतत घटणारे असेल, तर f_Y(y) = f_X(x)·|dx/dy|, आणि उजवीकडे x च्या जागी g चे व्यस्त फलन लिहायचे. केवलमूल्याची चिन्हे विसरू नयेत; Y = 1 − X अशा घटत्या फलनात ती गाळली तर घनता ऋण येते, आणि ऋण घनतेला काही अर्थ नसतो.

सूत्र पाठ करण्यापेक्षा संचयी वितरण फलनाच्या वाटेने जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण त्या वाटेवर प्रत्येक पायरीला आपण खऱ्या संभाव्यतेबद्दल बोलत असतो. 0 < y < 1 साठी P(Y ≤ y) = P(X² ≤ y) = P(X ≤ √y) = √y, आणि √y चे विकलन केले की पुन्हा 1/(2√y) मिळते. यात गुणक कुठून आला, चिन्ह कोणते, असे प्रश्न उद्भवतच नाहीत.

नेहमीची चूक अशी, की f_X मध्ये x च्या जागी फक्त √y ठेवून थांबायचे. f_X(√y) = 1, म्हणून f_Y(y) = 1, म्हणजे Y एकसमान. तुमच्या प्रश्नातला निष्कर्ष आणि हा निष्कर्ष एकच आहे. या उदाहरणातली अडचण अशी, की ‘वक्राखालचे क्षेत्रफळ 1 येते का’ ही नेहमीची पडताळणी इथे चूक पकडत नाही, कारण 0 ते 1 वर 1 उंचीच्या आयताचे क्षेत्रफळ 1 च आहे. म्हणून हेच उदाहरण दोन प्रकारे तपासावे. एक, X ची मर्यादा 0 ते 2 करावी. तेव्हा f_X = 1/2 आणि Y ची मर्यादा 0 ते 4 होते; गुणक विसरला तर क्षेत्रफळ 2 येते आणि चूक तत्काळ उघडी पडते. दुसरे, सरासरी काढावी. Y ची सरासरी X च्या घनतेवरून थेट काढता येते: x² चे 0 ते 1 समाकलन, म्हणजे 1/3. Y एकसमान असता तर ती 1/2 आली असती.

आता ‘घनता 5’ बद्दल. y = 0.01 ठेवले तर 1/(2 × 0.1) = 5 ही किंमत बरोबर आहे, पण तिला संभाव्यता म्हणणे बरोबर नाही. ‘Y ची किंमत 0.01 येण्याची संभाव्यता 5 आहे’ असे वाक्य अशुद्ध आहे, ‘0.01 पाशी Y ची घनता 5 आहे’ असे म्हणावे. ‘येण्याची’ आणि ‘पाशी’ यांतला फरक इथे फार मोठा आहे. पहिल्या वाक्यप्रयोगात घटना आहे, तर दुसऱ्यात एका जागेभोवतीचा दर आहे. या दराला एककही असते. X ही चौरसाची बाजू मीटरमध्ये असेल, तर f_X ‘दर मीटर’ असते. Y हे क्षेत्रफळ असल्यामुळे f_Y ‘दर चौरस मीटर’ असते. दर मीटरचा आकडा दर चौरस मीटरच्या जागी तसाच उतरवता येत नाही, आणि 2x या भाजकाने ते एककही जुळते, कारण 2x मीटरमध्ये आहे. घनता 1 पेक्षा कितीही मोठी असू शकते. बंधन आहे ते फक्त क्षेत्रफळावर. इथे y शून्याकडे जाताना घनता अमर्याद वाढते, तरी 0 ते 0.01 या पट्ट्याचे क्षेत्रफळ √0.01, म्हणजे 0.1 एवढेच भरते.

संगणकावर हे पाहायचे असेल तर पायथनमध्ये एवढे पुरते:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
y = rng.random(100000)**2
print((y <= 0.01).mean(), np.median(y), y.mean())
```

तीन आकडे अनुक्रमे 0.1, 0.25 आणि 0.333 यांच्या अगदी जवळ येतील. मात्र याच y चा आयतालेख काढला आणि त्याचे 0.05 रुंदीचे वीस स्तंभ केले, तर पहिला स्तंभ अमर्याद उंच दिसणार नाही. त्याची उंची √0.05 भागिले 0.05, म्हणजे सुमारे 4.47 असेल. त्यामुळे सूत्र खोटे ठरत नाही. स्तंभ नेहमी त्याच्या रुंदीवरची सरासरी घनताच दाखवतो, आणि रुंदी कमी केली की पहिला स्तंभ वाढत जातो.

वरच्या आकड्यांत शब्दप्रयोगाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. X चा मध्यक 0.5, त्याचा वर्ग 0.25, आणि Y चा मध्यकही 0.25; कारण मध्यक हा ‘निम्मी संभाव्यता अलीकडे’ या अटीने ठरतो, आणि वाढत्या फलनात संभाव्यता अबाधित राहते. सरासरीचे तसे नाही: X च्या सरासरीचा वर्ग 0.25, पण Y ची सरासरी 1/3. म्हणून ‘सरासरी बाजूचा चौरस’ आणि ‘चौरसांचे सरासरी क्षेत्रफळ’ हे शब्दप्रयोग एकमेकांऐवजी वापरू नयेत.

शेवटी प्रश्नातल्या ‘एकच किंमत’ या शब्दांकडे उलट दिशेने पाहावे लागते. X पासून Y एकच मिळतो हे खरे, पण Y पासून X एकच मिळतो का? X धनच असेल तर हो. X ची मर्यादा −1 ते 2 असेल तर नाही, आणि तेव्हा वरचे सूत्र सरळ लावता येत नाही. इथे f_X = 1/3 आहे. y ची किंमत 0 ते 1 मध्ये असेल, तर √y आणि −√y ही दोन्ही मुळे मर्यादेत बसतात, म्हणून दोन्हींचा वाटा मिळवायचा: 1/3 गुणिले 1/(2√y), आणि तेवढेच पुन्हा, म्हणजे 1/(3√y). y ची किंमत 1 ते 4 मध्ये असेल, तर −√y हे −1 च्याही डावीकडे पडते, तिथे X कधी जातच नाही. म्हणून एकच वाटा उरतो, 1/(6√y). y = 1 पाशी घनता 1/3 वरून एकदम 1/6 वर उतरते. ही उडी म्हणजे गणितातली चूक नव्हे. डावे मूळ तिथे संपते एवढाच तिचा अर्थ आहे.

पडताळणीत पहिल्या भागाचे क्षेत्रफळ 2/3 आणि दुसऱ्याचे 1/3 येते, बेरीज 1. दुसरे मूळ विसरले असते तर पहिल्या भागात 1/3 च आले असते आणि बेरीज 2/3 वर अडकली असती. उलट, दोन्ही मुळे 0 ते 4 या सबंध मर्यादेत धरली असती तर बेरीज 4/3 झाली असती. क्षेत्रफळ 1 पेक्षा कमी आले तर एखादे मूळ सुटले आहे का, आणि जास्त आले तर एखादे मूळ मर्यादेबाहेरचे घेतले आहे का, हे आधी पाहावे.