रेषीय स्रोताचा आवाज अंतराबरोबर हळू का घटतो, आणि तो कुठपर्यंत?

प्रश्न: एका स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलने कमी होतो, पण लाइन अ‍ॅरेचा म्हणजे एका रेषेत वरखाली लावलेल्या स्पीकरांचा फक्त 3 ने, असं वाचलं. पण 3 मीटर उंचीचा सरळ अ‍ॅरे टांगला, तर मैदानात मागे बेस गायब आणि आवाज किणकिणता. असं का?

उत्तर:

3 डेसिबलचा नियम खरा आहे, पण तो सगळ्या वारंवारितांना एकाच अंतरापर्यंत लागू होत नाही. तुमच्या अ‍ॅरेत तिखट स्वर तो नियम पाळत होते आणि बेस जवळजवळ पहिल्या पावलापासूनच पाळत नव्हता.

आधी ऊर्जेचा हिशेब. बिंदुस्रोताची ऊर्जा `4πr²` एवढ्या गोलावर पसरते, म्हणून तीव्रता `1/r²` ने घटते. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे आयाम `1/r` ने घटतो. अनंत लांब रेषेची ऊर्जा मात्र दंडगोलावर पसरते आणि तिच्या दर मीटर लांबीमागे क्षेत्रफळ `2πr` असतं. म्हणून तीव्रता `1/r` ने आणि आयाम `1/√r` ने घटतो.

खरी गंमत पुढे आहे. रेषेचा प्रत्येक तुकडा तर गोलाकार तरंगच सोडतो, मग बेरजेत `1/√r` कुठून येतो? तुम्ही रेषेसमोर `r` अंतरावर उभे आहात असं धरा. समोरच्या बिंदूपेक्षा वरखालच्या तुकड्यांचा आवाज किंचित जास्त अंतर कापून येतो. हा फरक पाव तरंगलांबीच्या आत असेपर्यंत ते तुकडे एकमेकांना चांगली साथ देतात, त्यापलीकडचे हळूहळू एकमेकांना खोडू लागतात. तरंगलांबी `λ` असेल तर साथ देणाऱ्या भागाची लांबी येते `√(2λr)`. म्हणजे तुम्ही मागे सरकाल तसा एकेका तुकड्याचा आवाज `1/r` ने घटतो, पण रेषेचा जास्त भाग कामाला लागतो. `√r` ला `r` ने भागलं की `1/√r`.

आता ही कामाची लांबी अ‍ॅरेच्या लांबीएवढी झाली की पुढे भर घालायला काही उरत नाही, आणि तिथून घट गोलाकार तरंगासारखी होते. एकूण लांबी `L` असेल तर ती सीमा साधारण `r = L²/(2λ)`.

तुमच्या 3 मीटरसाठी, ध्वनीचा वेग 345 मीटर प्रति सेकंद धरून, 100 हर्ट्झला (तरंगलांबी 3.45 मीटर) सीमा 1.3 मीटरवर येते, 1000 हर्ट्झला 13 मीटरवर आणि 4000 हर्ट्झला 52 मीटरवर. बेससाठी तुमचा अ‍ॅरे म्हणजे व्यवहारात एक बिंदूच. 4 मीटरपासून 32 मीटरपर्यंत अंतर तीनदा दुप्पट होतं. तेवढ्यात 100 हर्ट्झ 18 डेसिबल पडतो, 1000 हर्ट्झ सुमारे 13 आणि 4000 हर्ट्झ 9. पुढच्या रांगेत तोल जमवला असेल तर 32 मीटरवर बेस 4000 हर्ट्झच्या तुलनेत 9 डेसिबल मागे पडलेला असतो. हवेचं शोषण वरचे स्वर थोडे कापतं, पण 30 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रतेला ते 4000 हर्ट्झवर 100 मीटरला जेमतेम 2.3 डेसिबल आहे. तेवढ्याने ही तफावत भरून निघत नाही.

उपाय म्हणून इक्वलायझर पुढच्या रांगेत बसून लावू नका. 4 आणि 32 च्या गुणोत्तराने मधलं अंतर 11 मीटर. तिथे तोल जमवलात तर चूक दोन्ही टोकांना साडेचार-साडेचार डेसिबलमध्ये वाटली जाते. त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅरे खालून थोडा वळवून खालच्या पेट्यांना वेगळा इक्वलायझर देणं. मात्र वळवलेल्या भागाला 3 डेसिबलचा नियम लागत नाही. लांबी दुप्पट केली की सीमा चौपट लांब जाते, पण 6 मीटरलाही 100 हर्ट्झची सीमा फक्त 5.2 मीटर. बेससाठी सबवूफर वेगळे मांडावे लागतातच.

वरचं सगळं गणित श्रोता अ‍ॅरेच्या समोर, त्याच्या उंचीच्या आत आहे असं धरून आहे. अ‍ॅरे सरळ आणि उंच टांगला तर पुढचे लोक त्याच्या खालच्या टोकाच्याही खाली येतात आणि तिखट स्वर त्यांच्या डोक्यावरून जातात.

पडताळायचं असेल तर पिंक नॉइज लावून 4, 8, 16 आणि 32 मीटरवर ऑक्टेव्ह पट्ट्यांनुसार मोजा. एकच एकत्रित आकडा काही सांगत नाही. माइक शक्यतो अ‍ॅरेच्या अक्षावर हवा, आणि प्रत्येक पट्टीत भोवतालचा आवाज किमान 10 डेसिबल खाली हवा. सीमेच्या आत आकडे काही डेसिबल वरखाली होतात. ते टोकांमुळे होतं, माइकमुळे नाही. बंद सभागृहात हे करू नका, तिथे प्रतिध्वनींमुळे साध्या स्पीकरचीही घट मंद दिसते.

एक गल्लत टाळा: रहदारी किंवा रेल्वेच्या आवाजाला हे सूत्र लावू नका. तिथले स्रोत एकमेकांशी कलेत नसतात, म्हणून आयाम नाही तर तीव्रता बेरजेत येते. तिथेही आधी 3 आणि मग 6 डेसिबल अशीच घट होते, पण सीमा `L/π` असते आणि वारंवारितेवर अवलंबून नसते. मुंबईची बारा डब्यांची लोकल सुमारे 250 मीटर लांब, म्हणजे समोरून जाताना तिची सीमा 80 मीटरच्या आसपास.