एस्क्रोतले पैसे कधी सुटणार, ते आधी लिहून घ्या

जुना कॅमेरा ऑनलाइन अनोळखी माणसाला विकताय, तर एस्क्रो वापराच. पण खरी गोम अटींत असते. एस्क्रोत घेणारा पैसे तुम्हाला न देता मधल्या तिसऱ्याकडे ठेवतो. ते जमा झाल्याचं कळेपर्यंत पार्सल हलवू नका, आणि ट्रॅकिंग असलेल्या कुरिअरनेच पाठवा. माल पोचला की तपासणीची मुदत सुरू होते, समजा तीन दिवस. त्यात घेणारा गप्पच राहिला तर पैसे तुम्हाला मिळतील, हे अटींत आहे ना, बघा. त्याने माल नाकारला, तर कॅमेरा तुमच्याकडे परत आल्यावरच त्याचे पैसे सुटावेत.

वर्णनात नुसतं ‘चांगल्या स्थितीत’ लिहू नका. सिरीयल नंबर, शटर किती वेळा वापरलंय, लेन्सवरचा ओरखडा, सगळं नोंदवा, फोटो जोडा. वाद झाला की मधला माणूस लेखी काय ठरलं तेच बघतो. नंबर नसेल तर परत आलेला बिघडलेला कॅमेरा तुमचा नव्हे, हे कसं दाखवणार? घेणाऱ्यालाही याच वर्णनाचा आधार असतो.

आणि हो, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून एस्क्रोची साइट उघडू नका. खोट्या साइट अगदी हुबेहूब असतात. पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करून जमा रक्कम बघा. ‘पैसे आले’ असा ईमेल कोणीही पाठवू शकतो.